लाईकपेक्षा कॉमेंट जास्त? आधी त्या कॉमेंट उघडा

“१) कॉमेंट जास्त म्हणजे पाठिंबा जास्त. २) लाईक कुणीही ठोकतो, लिहायला कळकळ लागते. ३) ज्याला पटत नाही तो न बोलता पुढं जातो.” (मराठवाड्यातल्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो अर्धा खरा आहे आणि गफलत तिथंच होते. लिहायला कष्ट पडतात, हे बरोबर. पण पटलेल्या माणसाला ते कष्ट घ्यायची गरजच नसते, त्याचं काम अंगठ्यानं एकदा दाबलं की झालं. न पटलेल्यासाठी एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, लाईकच्या तोडीचं विरोधाचं असं बटणच नाही, म्हणून तो लिहितो. रिप्लाय लाईकच्या फार पुढं गेले की तिथं ‘रेशो झाला’ म्हणतात, तो शब्द २०१७ च्या सुमारास याच अनुभवातून रूढ झाला. फेसबुकवर २०१६ पासून रागाचा चेहरा आहे, पण तोही प्रतिक्रियांच्या एकाच बेरजेत धरला जातो. त्या बेरजेवर बोट ठेवून फोड पाहावी.

आता पहिला आणि तिसरा मुद्दा एकत्र घेऊ. धरा, लातूरच्या कुणी लिहिलं: “२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तरी आपण शहाणे झालो नाही. मांजरा पट्ट्यात ऊस बंद करा.” लाईक ९०, रिप्लाय ३६०. मेसेजच्या हिशेबानं हा दणदणीत पाठिंबा झाला. रिप्लाय उघडले तर ५० लिहिणाऱ्याचेच निघतात आणि १०० दोघांच्या आपसातल्या भांडणाचे. उरले २१०. त्यांत वरचाच रिप्लाय: “सोयाबीनला भाव नाही, ऊस काढून लावू काय?” त्याला ५०० लाईक. मूळ पोस्टला ९० आणि तिच्याखालच्या आक्षेपाला ५००, ही सगळ्यात बोलकी खूण. न पटलेले लोक पुढं गेले नाहीत. काहींनी लिहिलं, बाकीच्यांनी आक्षेपाला लाईक दिलं.

यावरून पोस्ट चुकीची ठरत नाही. मला स्वतःला ती पाण्याची काळजी रास्त वाटते. वाद पेटलाय, एवढंच हा आकडा सांगतो. गावागावांत किती जण कुठल्या बाजूला आहेत, ते त्यातून कळत नाही, कारण एखाद्या मोठ्या ग्रुपात लिंक पडली तरी एकाच बाजूची माणसं धावून येतात.

आणि प्रत्येक उलटा आकडा भांडणाचा नसतो. “तुमच्याकडं पाऊस किती झाला?” असं जूनमध्ये विचारलं, तर केजपासून किनवटपर्यंतची माणसं उत्तरं देतात, लाईक मोजकेच पडतात. वाढदिवसाच्या पोस्टखाली शुभेच्छांची रांग लागते. चार लाईक आणि नऊ कॉमेंट असतील, तर त्यावरून काहीच ठरवू नये. आकडा पाहून थबकावं, मग वरचे दहा-वीस रिप्लाय वाचावेत आणि त्यांत वेगवेगळी माणसं किती, ते मोजावं.