दहा वाजून सात मिनिटं

शनिवारी रात्री पावणेबारा वाजता मी एचआरमधल्या एका बाईंना ‘तुमच्या आठवड्याची सुरुवात छान झाली असेल’ असं इंग्रजीत कळवलं. याला जबाबदार कोण, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. माझ्या मते आरोपी तीन आहेत: फोनमधलं मेल अ‍ॅप, खंडाळ्याचा घाट आणि टपालखात्यातून निवृत्त झालेले एक काका. बायकोच्या मते आरोपी एकच आहे आणि तो आत्ता डब्यातली शेव संपवतोय.

नोकरीची मुलाखत होऊन पाच दिवस झाले होते. ‘शुक्रवारपर्यंत कळवतो’ म्हणाले होते. शुक्रवार गेला, शनिवारही गेला. आता आठवण करून देणं भाग होतं. पण आठवण करून देण्याचीही एक वेळ असते. रविवारी रात्री मेल टाकला तर माणूस रिकामटेकडा वाटतो. सोमवारी सकाळी आठला टाकला तर उतावीळ. दुपारी जेवणानंतर टाकला तर तो वाचणाऱ्याच्या झोपेच्या आड येतो. म्हणजे सोमवारी सकाळी दहाच्या आसपास, चहा झालेला आणि पहिली मीटिंग सुरू न झालेली असताना. तोही ठोक्याला दहा नको, नाहीतर गडी घड्याळ लावून बसला होता हे कळतं. १०:०७ हवं. १०:०७ला मेल करणारा माणूस कसा कामातून दोन मिनिटं काढून, सहज, जाता जाता विचारल्यासारखा दिसतो.

हा सहजपणा साधायला मला इंद्रायणीत शिवाजीनगर ते तळेगाव एवढा वेळ लागला.

मेल लिहून झाला की वर कागदी विमानाचं चिन्ह असतं, त्यावर बोट लागलं की मेल सुटतो. त्याच्या शेजारी तीन ठिपके. ते दाबले की `Schedule send` सापडतं. तिथे अ‍ॅप स्वतःच्या मनाने वेळा सुचवतं: उद्या सकाळी आठ, उद्या दुपारी एक. दोन्ही मी आधीच नापास केलेल्या. मग `Pick date & time`. तारीख सोपी असते. वेळेसाठी मात्र गोल तबकडी येते, तिच्यावर काटा बोटाने फिरवायचा. तबकडीवर आकडे पाच-पाचाच्या टप्प्याने. सात हा कुठेतरी पाच आणि दहाच्या मधल्या रिकाम्या जागेत. डबा हलतोय, काटा सहावर जातोय, नववर जातोय. एकदा १०:०७ लागले तर खाली PM राहिलेलं. रात्री दहा वाजून सात!

“सात कशाला?” असा आवाज खांद्यावरून आला.

शेजारी साधारण सत्तरीचे काका. मांडीवर रेक्झिनची पिशवी, तिच्यावर घडी केलेला पेपर, पेपरवर चष्म्याचं रिकामं घर. चष्मा अर्थातच डोळ्यांवर होता आणि डोळे माझ्या फोनवर.

“काही नाही काका, मेल आहे. उद्या जायला लावतोय.”

“आज लिहिलंय ना?”

“हो.”

“मग आज का नाही जात?”

मी त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. रेल्वेत माणूस अनोळखी माणसाला जे सांगतो ते सख्ख्या भावाला सांगत नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी आरएमएसला होतो. रेल्वे मेल सर्व्हिस. एकतीस वर्षं सॉर्टिंग केलंय. गाडी अशीच हलायची आणि आम्ही उभ्याने खणांत पत्रं टाकायचो. चुकून नागपूरच्या खणात नाशिक गेलं नाही कधी.” इथे त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

“तेव्हा लोक गाडी सुटता सुटता धावत यायचे. लेट फीचं जास्तीचं तिकीट लावून आमच्या डब्यात पत्र टाकायचे. पत्र लवकर जावं म्हणून जास्तीचे पैसे, बरं का! आणि तुम्ही उशिरा जावं म्हणून धडपडताय.”

“उशिरा नाही हो काका, वेळेवर.”

“बरं, मग आता ते पत्र आहे कुठे? तुमच्या फोनात?”

हा प्रश्न मात्र चोख होता. मी सांगितलं, की नाही, एकदा वेळ लावली की ते कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं. उद्या माझा फोन बंद असला तरी दहा वाजून सातला, फार तर काही मिनिटं उशिरा, तिथून निघणार. फक्त वेळ लावताना नेट पाहिजे. डावीकडे वरच्या तीन रेघा दाबून मी त्यांना `Scheduled` नावाचा कप्पा दाखवला. त्यात एक मेल. काकांनी मान डोलावली. “म्हणजे बॅग भरली, तोंड बांधलं, लाख लावली. गाडीची वाट बघत फलाटावर. ठीक आहे. दाखवा बघू पत्र.”

मी दाखवलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळून एकही उघडता न आलेल्या माणसाची ती भूक असावी. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं.

“इंग्रजी चांगलंय,” म्हणाले. मला बरं वाटलं. “पण ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ नसतं. ‘हिअरिंग’ हवं. मॅट्रिकला गुण कापायचे.”

तिघे समोरचे प्रवासी हसले. एक तर कॉलेजातली मुलगी होती. मला आयुष्यात आजवर किती ठिकाणी ‘टू हिअर’ लिहिलंय ते भराभर आठवायला लागलं, आणि त्यातल्या कोणत्या कोणत्या ठिकाणाहून उत्तर आलं नव्हतं तेही.

तर तीन अक्षरं घालायची होती. ‘आयएनजी’. पण लाख लावलेल्या बॅगेत हात घालता येत नाही. `Scheduled` मधला मेल नुसता वाचता येतो. बदल करायचा तर `Cancel send` दाबायचं. ते दाबलं की ठरवलेली वेळ गेली, आणि मेल साध्या ड्राफ्टसारखा आपल्यापुढे येतो. मग दुरुस्ती करायची आणि पुन्हा तीन ठिपके, पुन्हा `Schedule send`, पुन्हा ती तबकडी. सगळं पहिल्यापासून.

लोणावळा सोडलं होतं. मी `Cancel send` दाबलं, ‘हिअरिंग’ केलं आणि गाडी बोगद्यात शिरली. नेट गेलं. दिवे मिणमिणले. बोगद्याबाहेर आलो तोवर चिक्कीवाला माझ्या गुडघ्यांना टोपली लावून उभा. शेंगदाण्याची की राजगिऱ्याची, पन्नासचे सुटे आहेत का, यात दुसरा बोगदा. मी फोनवर मागे-मागे दाबत बाहेर आलो. खाली एक काळी पट्टी क्षणभर दिसली आणि विझली. ती काय म्हणत होती ते चिक्कीच्या आड गेलं.

“परत सील केलंत का?” काकांनी विचारलं.

“हो हो,” मी म्हणालो.

अगदी हेच शब्द. हे मी बायकोला सांगायला नको होतं.

सोमवारी सकाळी अकराला `Sent` उघडून पाहिलं असतं, तर तिथे १०:०७चा मेल नाही हे दिसलं असतं. पाच सेकंदांचं काम. पण आपण ज्या गोष्टीवर एवढी अक्कल खर्च केलेली असते ती तपासायची आपल्याला लाज वाटते. शिवाय मी त्या दिवशी उत्तराची वाट बघण्यात गुंतलो होतो. मंगळवारी वाट बघितली. बुधवारपासून चिडायला सुरुवात केली.

आणि का चिडू नये? ही मंडळी अर्ज मागवताना बायोडेटाची फाइल जोडायला लावतात आणि पुढच्या पानावर त्याच फाइलीतलं अक्षर न् अक्षर पुन्हा टाइप करायला लावतात. दहावीच्या गुणांसकट. मी अकाउंट्समध्ये चौदा वर्षं काम केलेला माणूस, माझे भूगोलाचे गुण बघून हे काय ठरवणार आहेत? मुलाखतीला पन्नास मिनिटं बाहेर बसवतात. ‘कळवतो’ म्हणतात. ‘नाही’ एवढं कळवायला काय लागतं? दोन अक्षरं. तीसुद्धा, हवं तर, दहा वाजून सात मिनिटांनी पाठवा. गुरुवारी रात्री जेवताना मी या विषयावर इतका वेळ बोललो, की मुलगी ताट घेऊन आत गेली.

काकांनी कल्याणला उतरताना माझा नंबर घेतला होता. त्यांचा सुप्रभात रोज सकाळी सहाला येतो. खाली गुलाब, वर सुविचार. मंगळवारच्या गुलाबाखाली लिहिलं होतं, ‘पत्र पोचले का?’ मी अंगठा पाठवला. शुक्रवारी, ‘उत्तर?’ मी लिहिलं, ‘आजकाल लोक उत्तर देत नाहीत काका.’ त्यावर त्यांनी हात जोडलेली तीन चित्रं पाठवली. आमच्या पिढीबद्दल सहवेदना.

शनिवारी रात्री मी विम्याच्या पावतीसाठी मेल धुंडाळत होतो. `Scheduled` रिकामं. `Drafts` मध्ये त्रेचाळीस. सगळ्यात वर ‘हिअरिंग’. व्याकरणशुद्ध, निर्दोष, न गेलेलं. सहा दिवस मी ज्या बाईंना असभ्य, माजोरड्या आणि अजून एक शब्द म्हणालो होतो, त्यांना बिचाऱ्यांना मी काही विचारलेलंच नव्हतं.

तेव्हा माणसाने काय करावं? शांतपणे पहिलं वाक्य बदलावं, सोमवारची वेळ लावावी, झोपावं. हे मला आता कळतं. त्या क्षणी मला फक्त तीन ठिपके आणि ती तबकडी पुन्हा बघायची नव्हती. मी कागदी विमान दाबलं.

खाली काळी पट्टी आली. या वेळी मी ती नीट वाचली. `Sent` आणि पुढे `Undo`. तेवढ्यात वरचं पहिलं वाक्य आठवलं. अंगठा पुढे केला, तर पट्टी गेली होती.

रविवारी सकाळी सहाला गुलाब आला. खाली काकांनी लिहिलं होतं, ‘धीर धरा. आमच्या वेळी मनीऑर्डरला पण आठवडा लागायचा.’

मी अंगठा पाठवला. लगेच.