स्क्रीनशॉट काढा, स्प्रिंट तरून न्या

दहा दिवसांच्या स्प्रिंटचा आठवा दिवस. साहेबांचा मेसेज आलाय: "झालं किती, उरलं किती, दोन ओळींत कळवा." घाबरू नका. टीमच्या कामांच्या बोर्डाचा स्क्रीनशॉट काढा. त्याआधी स्क्रोल मात्र करू नका. To Do च्या डोक्यावर 7 आकडा आहे आणि खाली चारच कार्डं दिसतात? मग चारच. बाकीची तीन स्क्रीनच्या काठाखाली सुखाने झोपली आहेत, त्यांना कशाला उठवता?

आता मोजा. कार्डं मोजायची, त्यांवरचे मेहनतीच्या अंदाजाचे पॉइंट नव्हे. To Do मध्ये चार, In Progress मध्ये तीन, In Review मध्ये दोन, Done मध्ये सहा. पंधरापैकी सहा म्हणजे 40 टक्के. छान दिसतंय.

एखादा अरसिक कार्डांच्या कोपऱ्यातले आकडे मिळवायला बसला, की सगळा विचका होतो. Done मधली सहा कार्डं म्हणजे 1, 1, 1, 2, 2 आणि 3, मिळून 10 पॉइंट. बटणाचा रंग, लोगो जरा डावीकडे, असली कामं. (सोपी कार्डं आधी उचलली जातात, हा मनुष्यस्वभाव आहे, टीमचा काय दोष?) पेमेंटचं 8 चं धूड In Progress मध्येच आहे. त्याच्या सोबतीला 5 आणि 3, म्हणजे तिथे 16. In Review मध्ये 5 आणि 3, म्हणजे 8. To Do मध्ये 8, 5, 3, पुन्हा 16. एकूण 50 आणि झाले 10. वीस टक्के! तेही काठाखालच्या तिघांना न मोजता.

यावर उतारा आहे. चालू कामाला निम्मे गुण द्या: 16 चे 8. रिव्ह्यूतल्याला पूर्ण, कारण 'फक्त नजर टाकायची राहिलीय'. 10, 8 आणि 8 मिळून 26, म्हणजे 52 टक्के. उरलेलं काम दाखवणारा बर्नडाउनचा आलेख तेवढा जोडू नका. कार्ड Done मध्ये गेल्याशिवाय त्याची रेषा इंचभरही उतरत नाही. फार हट्टी असते ती.

To Do मधल्या चौथ्या कार्डावर आकड्याच्या जागी आडवी रेघ आहे. तिला शून्य समजा. तिचा खरा अर्थ 'याचा अंदाज कुणी केलेलाच नाही' असा आहे, पण बेरजेत रेघ बसते कुठे?

'उरलं किती' याचं उत्तर 40 असं लिहू नका. आठ दिवसांत 10 झाले, तर दोन दिवसांत 40 कसे, हे साहेबसुद्धा तोंडी हिशेब करून विचारू शकतात. 'काही आयटम प्रगतिपथावर' असं लिहा.

आणि दहाव्या दिवशी पेमेंटचं कार्ड फोडा. 5 Done मध्ये, 3 पुढच्या स्प्रिंटला. त्या 3 च्या कार्डाला 'पेमेंट – किरकोळ बाकी' असं नाव द्या. पैसे प्रत्यक्ष खात्यात जमा होणं, एवढंच त्यात आहे.