कोल्हापुरीच्या लेखात आडनाव का नाही?

«कारागिराचं आडनाव नाही, चेहरा नाही, जोडामागे किती मिळतात तेही नाही. कातडं कमावतानाचा एक फोटो नाही. विचारून विचारून लिहिलं की असंच मिळमिळीत होतं. खरं लिहायला परवानगी कशाला?»

कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका घरावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमची ही तक्रार. आधी पैशांचं सांगतो, कारण तिथे मलाही चुटपुट आहे. हे घर व्यापाऱ्याच्या उचलीवर काम करतं. त्यांनी मजुरीचा आकडा मला सांगितला आणि लिहू नका म्हणाले. छापला असता तर पुढची ऑर्डर शेजारच्या घरात गेली असती. म्हणून उचल कशी फिटते, सणाआधी काम कसं अंगावर येतं, एवढंच लिहिलं.

कमावण्याचं काम मात्र लेखात सगळं आहे. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग कातड्याची पिशवी शिवून टांगायची आणि बाभळीची साल व हिरड्याचं पाणी भरून मुरू द्यायचं. याला आठवडे लागतात, घाई केली की मधला थर कच्चा राहतो आणि तळ लवकर कुजतो. फोटो नको म्हणाले ते वासाच्या लाजेने नव्हे. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तळाला म्हशीचं कातडं चालतं, ते कायद्यात बसतं. पण रस्त्यात गाडी अडवणारा आधी कागद बघेलच असं नाही. कातड्यांच्या ढिगाशेजारी ओळखू येणारा माणूस मी का उभा करावा? आडनावाचं कारण तर तुम्हीही ओळखलं असेल. त्यांचा मुलगा शहरात नोकरीला आहे, आणि आडनावावरून जात काढणारे सगळीकडे असतात.

घरधनी ‘हो’ म्हणाले की घरातल्या सगळ्यांची परवानगी मिळाली असं मी धरत नाही. त्यांच्या बायकोला वेगळं विचारलं. छापण्याआधी मजकूर दोघांना वाचून दाखवला. ‘बायको मदत करते’ हे वाक्य आलं (ते त्यांचंच होतं) तशी ती म्हणाली, “मदत कसली? वेण्या कोण घालतं?” पट्ट्यावरची चामड्याची बारीक वेणी, कानांची सजावट, सगळं तिच्या हातचं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यावर केवढं तरी लिहून आलं, पण वेणी घालणाऱ्या बाईचं नाव मला क्वचितच दिसलं. तिने नाव लिहायला सांगितलं, आडनाव सोडून. हातांचा फोटो चालेल म्हणाली, चेहऱ्याचा नको. तुम्ही ज्याला मिळमिळीत म्हणता, त्या लेखातला वेणीचा पूर्ण परिच्छेद या वाचून दाखवण्यातून आला.

चेहऱ्याचा फोटो त्यांनी पुढे कधी दिला तर लेखात टाकेन, हटवायला सांगितला तर हटवेन. एकदा कुणी डाउनलोड करून घेतलेला फोटो मात्र माझ्या हातात राहत नाही, हेही त्यांना सांगून ठेवलंय. त्यावर ते विचार करतायत.