मागितलं एक, कोटेशन आलं भलतंच

डोकं फिरलंय आज. आमच्या समितीच्या धार्मिक सोहळ्यासाठी विमा कंपनीकडून पब्लिक लायबिलिटी पॉलिसीचं, म्हणजे सोहळ्यात बाहेरच्या कुणाला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, कोटेशन मागवलं होतं, मेलमध्ये सगळं व्यवस्थित लिहून, मैदानाचा नकाशा जोडून, मागच्या पाच वर्षांत एकही क्लेम नाही हेसुद्धा सांगून. आणि जे कोटेशन आलंय ते वाचून सरळ कळतं की मेल कुणी धड वाचलाच नाही.

आधी गर्दीचाच आकडा घ्या. आम्ही स्पष्ट लिहिलं होतं की सोहळा चार दिवसांचा, चारही दिवस मिळून साधारण 60,000 लोक येतील, पण एका वेळी मैदानात जास्तीत जास्त 9,000, तेही फक्त शेवटच्या संध्याकाळी. कोटेशनमध्ये काय? "एका वेळची कमाल उपस्थिती: 60,000". आणि प्रीमियम त्यावरच काढलाय! अहो, नकाशात लिहिलंय ना लोकांसाठी मोकळी जागा 6,000 चौरस मीटर आहे म्हणून. 9,000 माणसं म्हणजे चौरस मीटरला दीड माणूस, नीट हलता येतं. तुमच्या हिशोबाने चौरस मीटरला दहा माणसं होतात, चार-पाचच्या पुढे गेलं तरी गर्दी धोक्याची व्हायला लागते, दहाला तर माणसं उभ्या उभ्या गुदमरतील. हा भागाकार करायला किती वेळ लागतो? फोन केला तर म्हणे तिकीटविक्रीचा आकडा द्या. प्रवेश मोफत आहे, तिकीटच नाही, हे मेलच्या दुसऱ्या ओळीत आहे, तर म्हणे सिस्टीममध्ये तो रकाना रिकामा सोडता येत नाही. मग रकाना बदला की, आमचा सोहळा कशाला बदलताय?

बरं, प्रीमियमचं एकवेळ सोडा, खरा संताप लिमिटचा आहे. आम्ही दोन लिमिट मागितली होती, एक प्रत्येक अपघातासाठी आणि दुसरी त्याच्या दुप्पट, पूर्ण मुदतीसाठी. त्यांनी पूर्ण मुदतीची तेवढीच ठेवली आणि प्रत्येक अपघाताची निम्मी करून टाकली, न सांगता, खाली बारीक अक्षरात. वरवर बघणाऱ्याला वाटेल एकूण रक्कम तीच आहे. पण मंडपाचा एक भाग कोसळला आणि चाळीस जण जखमी झाले तर ते चाळीस अपघात नाहीत, तो एकच अपघात, आणि चाळीसही जणांची भरपाई त्या निम्म्या रकमेतूनच द्यायची. वर वकिलाचा आणि कोर्टाचा खर्चही त्यातूनच वजा होणार. एवढ्या गर्दीच्या कार्यक्रमात भीती असते ती याच एका मोठ्या घटनेची, आणि नेमकं तिथेच कव्हर कापलंय!

आणि एक्स्क्लुजन वाचले तर अजून राग येतो. "तात्पुरत्या बांधकामामुळे झालेली इजा वगळून", "गर्दीच्या रेट्यामुळे झालेली इजा वगळून". मंडप वगळला, चेंगराचेंगरी वगळली, मग राहिलं काय, कुणाचा पाय घसरला तर? मंडपवाल्याची स्वतःची लायबिलिटी पॉलिसी आहे, तिची प्रत जोडली होती, इंजिनियरचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट उभारणी झाल्यावर लगेच देऊ असंही लिहिलं होतं, म्हणजे हे कलम काढून घ्यायला जे लागतं ते सगळं समोर ठेवलेलं. तरी उत्तर एकच, "हे स्टॅंडर्ड वर्डिंग आहे".

मुदत तर फक्त चार दिवसांची दिलीय. उभारणी सहा दिवस आधी सुरू होते, उतरवायला दोन दिवस लागतात, क्रेन आणि लोखंडी ट्रसची कामं त्याच दिवसांत होतात. बाहेरून जाणाऱ्या एखाद्याच्या डोक्यावर पाइप पडला तर म्हणणार कव्हर सुरूच झालं नव्हतं. बारा दिवस मागितले होते, तारखा घालून! आणि स्वयंसेवक? ते थर्ड पार्टीत धरणार की आमचे कर्मचारी समजून बाहेर काढणार, हे विचारलं होतं, त्यावर एक शब्द नाही. दोनशे मुलं रात्रंदिवस राबतात तिथे, त्यांचं काय करायचं ते आधी कळायला नको? कर्मचारी धरणार असाल तर त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी काढावी लागेल, त्यालाही वेळ लागतो.

इकडे मैदानाचा मालक सर्टिफिकेट मागतोय, पॉलिसीत त्याचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून असलेलं, त्याशिवाय तो ताबा देणार नाही आणि ताबा नाही तर उभारणी नाही. कंपनी म्हणते आधी प्रीमियम भरा, बाकीचं नंतर एंडोर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला दुरुस्ती जोडून, करून देऊ. नाही भरणार. 9,000 चा आकडा, पूर्ण लिमिट, बारा दिवस, ती दोन कलमं काढणं आणि स्वयंसेवकांचं उत्तर, हे सगळं सुधारलेल्या कोटेशनमध्ये लेखी पाहिजे, फोनवरचं "होऊन जाईल" क्लेमच्या वेळी कुणी मोजत नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांनाही तोच मेल पाठवलाय, जी नीट वाचून उत्तर देईल तिच्याकडे पॉलिसी जाईल.