‘डेटा हातात आहे, मग उरलं काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “विमान अपघाताच्या तपासाला इतका वेळ का लागतो, यावरचा तुमचा लेख पटला नाही. आम्ही चाकणला गाड्यांच्या डेटा लॉगरचं काम करतो. लॉगर जोडला की संध्याकाळपर्यंत ग्राफ तयार. विमानात तर वैमानिकांचं बोलणंही रेकॉर्ड होतं. मग अहवालाला वर्ष कशाला? उगाच गूढ वाढवू नका. – एक वाचक, पुणे”

नमस्कार. ग्राफ विमानाचाही लवकर निघतो, ते तुमचं बरोबर आहे. अडचण पुढे सुरू होते, कारण डेटा आणि आवाज या दोन वेगवेगळ्या नोंदी असतात आणि पुष्कळ विमानांत त्यांचं घड्याळ एक नसतं. त्या जुळल्याशिवाय कोणतं वाक्य आधी आणि कोणता बदल नंतर, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

जुळवायची खूण रेडिओची. वैमानिक टॉवरशी बोलायला बटण दाबतो, तेव्हा डेटा रेकॉर्डरमध्ये ‘बटण दाबलेलं’ अशी नोंद होते आणि व्हॉइस रेकॉर्डरवर त्याच क्षणी बोलणं सुरू होतं. पण ही नोंद बहुधा सेकंदाला एकदाच घेतली जाते. बटण दोन नोंदींच्या मध्ये केव्हाही दाबलेलं असू शकतं, म्हणजे एका खुणेवर जवळपास सेकंदभराची चूक शक्य आहे. म्हणून त्या उड्डाणातले सगळे रेडिओ संदेश घेतात आणि सगळ्यांना एकदम बसेल असा दोन घड्याळांमधला एकच फरक शोधतात. संदेश जितके जास्त, तितकी चूक कमी. टॉवरच्या ध्वनिमुद्रणावर खरी वेळ असते, ती शेवटी दोन्हींना लावतात.

हे कशासाठी, ते नेपाळमधल्या पोखऱ्याच्या अपघातात स्पष्ट दिसतं. १५ जानेवारी २०२३ ला यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ हे दोन प्रोपेलरचं प्रवासी विमान उतरताना कोसळलं आणि ७२ जण गेले. १०:५६:३२ ला विमान चालवणाऱ्या वैमानिकाने ‘फ्लॅप ३०’ मागितले, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली झुकवायच्या पट्ट्या ३० अंशांवर. शेजारच्या वैमानिकाने ‘फ्लॅप ३०’ असं उत्तर दिलं. नुसता आवाज ऐकला तर फ्लॅप लागले असंच कुणीही म्हणेल. डेटात मात्र त्या वेळी फ्लॅप जागचे हललेच नाहीत. उलट दोन्ही प्रोपेलरचे फेरे एकदम २५ टक्क्यांच्या खाली गेले आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा प्रोपेलर फिरवणारा जोर, शून्याकडे घसरला. १०:५६:३६ ला धोक्याची एक घंटा ऐकू येते. १०:५६:५४ ला ‘क्लिक’ असा आवाज येतो आणि त्यानंतर फ्लॅप खरोखर ३० वर जातात.

आता या दोन नोंदी एकमेकींवर ठेवा. दोन्ही इंजिनं एकाच क्षणी बिघडणं जवळपास अशक्य. पण प्रोपेलरची पाती वाऱ्याला समांतर झाली, म्हणजे ‘फेदर’ झाली, तर नेमकं हेच चित्र दिसतं: इंजिन चालू, ओढ शून्य. ते करणारे कंडिशन लिव्हर फ्लॅपच्या लिव्हरजवळच असतात. फ्लॅपऐवजी ते दोन्ही मागे ओढले गेले, हा निष्कर्ष इथून आकाराला आला. १०:५७:०७ ला उतरायची परवानगी मिळाली, तेव्हा वैमानिक इंजिनाची ताकद येत नाही असं दोनदा म्हणतो. थोड्याच वेळात इंजिनाची ताकद वाढवणारे पॉवर लिव्हर पूर्ण पुढे जातात, पण पाती फेदर असताना त्याचा उपयोग शून्य. १०:५७:३२ ला आदळल्याचा आवाज आहे.

फेऱ्यांचा आकडा खरा की सेन्सरच खोटं बोलतोय, हे पडताळायची एक सुंदर पद्धत आहे. या एटीआरच्या प्रोपेलरला सहा पाती असतात आणि १०० टक्के म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे. म्हणजे सेकंदाला २० फेरे गुणिले ६ पाती, १२० हर्ट्झ. कॉकपिटच्या छतालगतच्या मायक्रोफोनवर ही घरघर येते. आवाजातल्या वारंवारता वेगळ्या दाखवणाऱ्या आलेखात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, तिची एक रेघ दिसते; फेरे कमी झाले की ती रेघ त्याच प्रमाणात खाली सरकते. डेटा आणि रेघ जुळली, तर सेन्सरवर विश्वास ठेवायला दुसरा, स्वतंत्र आधार मिळतो.

लॉगरवाल्यांची एक सवय इथे घात करते: एक्सेलच्या एका ओळीतले सगळे आकडे एकाच क्षणाचे मानणं. विमानाच्या डेटात सेकंदाचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक मोजमापाची जागा त्यात ठरलेली असते. एकाच ओळीतल्या दोन आकड्यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर असू शकतं. सेकंदाला एकदाच नोंदले जाणारे दोन स्विच लागोपाठच्या ओळींत बदललेले दिसले, तर त्यांच्यातलं खरं अंतर क्षणभराचं असेल किंवा दोन सेकंदांच्या जवळही असेल. ‘बरोबर एक सेकंद’ हे वाक्य त्यावरून लिहिता येत नाही. बातम्यांत नेमकं तेच लिहिलं जातं, आणि त्यावर मेलेल्या माणसांचा न्याय केला जातो, याचा मला राग येतो.

पुढचे महिने रेकॉर्डरमध्ये जे नाही त्यात जातात. कॉकपिटमध्ये कॅमेरा नसतो. हात कुणाचा, नजर कुठे होती, हे ना आवाजात असतं ना डेटात. त्यासाठी अवशेषांतले लिव्हर आणि प्रोपेलरची यंत्रणा तपासावी लागते, इंजिनं उघडून बिघाड नव्हता हे सिद्ध करावं लागतं. एवढं करूनही पोखऱ्याच्या अंतिम अहवालात लिव्हर नकळत ओढले गेल्याचा निष्कर्ष ‘सर्वांत संभाव्य कारण’ म्हणूनच नोंदवलेला आहे.