रायाचा मामा

गॅदरिंगला लावणी हवीच, पण ती 'सगळ्यांना चालेल अशी' हवी, असा ठराव शाळेत झाला आणि माझ्या नावापुढे टिकमार्क पडला. दिवाळी अंकात एकदा माझी कविता छापून आली होती, ही बातमी मुलीनेच बाईंना पुरवली होती. नाचणाऱ्या मुली पाचवीच्या. नऊवाऱ्या भाड्याने सांगून झाल्या होत्या, ट्रॅक पेनड्राइव्हवर आला होता. राहता राहिले शब्द.

मूळ गाणं इथे देत नाही. त्याच मापाची माझी ओळ देतो, म्हणजे अडचण कळेल :

*रात चालली, दिवा मालवा, जवळ बसा ना राया*
*शालू आणिन म्हटलं होतं, शब्द न जावा वाया*

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. अशा आठ, आठ आणि बारा मिळून अठ्ठावीस. हिशेब वाण्याच्या वहीसारखा चोख ठेवावा लागतो, कारण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. पेटीवाला समोर असता तर एखादी मात्रा सांभाळून घेतली असती. पेनड्राइव्हला भीड नसते.

पहिली सूचना संगीताच्या सरांची : "राया काढा, देवा घाला. शोभून दिसेल." देवा, चारच मात्रा. गाऊन पाहिलं : 'दिवा मालवा, जवळ बसा ना देवा'. सर स्वतःच खोकायला लागले. शृंगारात नुसता देव आणून बसवला की शृंगार जात नाही, देवच अडचणीत येतो.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी पर्यावरण सुचवलं. मीही इरेला पेटून लिहून दिलं :

*झाडे लावा, पाणी घाला, जगा जगू द्या राया*

मात्रा मोजून घ्या, एकही इकडची तिकडे नाही. बाई खूश. मुलींना म्हणायला लावलं, तर त्या कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या ताठ झाल्या. ढोलकी एकीकडे नि वृक्षारोपण एकीकडे. लावणीत कुणीतरी कुणावर तरी रुसलेलं लागतं. रोपट्यावर कोण रुसणार?

तिथे माझी ट्यूब पेटली. दिवा, रात, जवळ बसणं हे सगळं उडवलं तरी चालतंय. ठसका आहे तो रुसव्यात, लाडीगोडीत आणि 'शालू आणणार होता, कुठाय?' या रोखठोक हिशेबात. हे तिन्ही प्रकार पाचवीच्या मुलींना शिकवावे लागत नाहीत. तेव्हा दुसरी ओळ जवळजवळ तशीच ठेवायची, फक्त माणूस बदलायचा. असा माणूस हवा, ज्याच्यावर हक्काने रुसता येतं आणि जो वचनं देऊन विसरतो.

आई मात्रांत बसत होती, पण 'राया'च्या शेवटी गाणारीला तोंड उघडून सूर लांबवायला 'आ' मिळतो. 'आई'च्या 'ई'वर तोच सूर ओढला की दात काढून रडल्यासारखं वाटतं. बाबा, दादा, काका चालले असते, पण ते घरातच असतात. वाट बघायला लावतो तो मामा.

*सुट्टी सरली, शाळा आली, कुठे राहिला मामा*
*आंबे आणिन म्हटलं होतं, शब्द न आला कामा*

आंब्यांच्या जागी आधी सायकल होती. मुलींचं मतही सायकललाच होतं. पण शालूच्या चार मात्रा, सायकलच्या पाच. दर वेळी 'कल' ढोलकीच्या थापेखाली सापडायचा. सायकल गेली, आंबे आले.

आता अदा. शब्द मामाचे झाले, पण भुवया अजून रायाच्याच होत्या. मुलींनी मूळ गाणं हळदीच्या कार्यक्रमांत पाहून कोळून प्यायलेलं. नाच बसवणाऱ्या ताईंनी डोळा मारण्याच्या जागी मनगटावरचं घड्याळ बघणं घातलं, पदराच्या जागी रिकामी पिशवी उलटी करून झटकणं. मान वेळावून पाठ फिरवणं मात्र हलवलं नाही. रुसण्याला वयाची अट नसते, असं ताईंचं मत, आणि ते बरोबर होतं.

गॅदरिंगच्या रात्री पिशवी झटकल्याबरोबर पहिली शिट्टी आली. प्रेक्षकांतले बरेच मामा खाली बघू लागले. ट्रॅकमधला मुख्य आवाज पुसलेला होता, कोरस मात्र पुसायचा राहिला होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. शेवटच्या कडव्यात मुली 'मामाऽऽ' म्हणून थांबल्या आणि स्पीकरमधून चार बायकांनी लडिवाळपणे साद घातली, "रायाऽऽ!"

पोरी बिलंदर. एकीनेही पाय चुकवला नाही. सगळ्यांनी कमरेवर हात ठेवून स्पीकरकडे डोळे वटारले. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

मुख्याध्यापिकाबाई पहिल्या रांगेतून वळल्या. "हे राया कोण म्हणालं?"

"मामी," मी म्हणालो.