सरावाने कान कणखर होत नाहीत

"रॉक वाजवणाऱ्याचे कान सरावाने कणखर होतात. इअरप्लग घातले की सूर नीट कळत नाही. फारच त्रास झाला तर कापसाचा बोळा पुरतो, आणि सकाळपर्यंत कानातली शिट्टी गेली म्हणजे कान बरा झाला."

गंगापूर रोडवरच्या एका बंद खोलीत ड्रम वाजवणाऱ्या माझ्या भाच्याने हे खरे मानून प्लग घालणे सोडले, म्हणून हे लिहावे लागत आहे.

पहिले वाक्य सर्वांत घातक आहे. मोठा आवाज 'अंगवळणी पडला' असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात कानाची संवेदना तात्पुरती मंदावलेली असते. अंतर्कर्णातल्या केशपेशी थकतात, आणि वारंवार मार बसला की कायमच्या मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान प्रथम ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात दिसते. त्यामुळे गाणे ऐकू येत राहते, पण गर्दीत 'साठ' आणि 'आठ' यांत गोंधळ होऊ लागतो. शिट्टी थांबणे हा बरे झाल्याचा दाखला नव्हे. द हू या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड आपल्या बहिरेपणाबद्दल उघडपणे बोलत आले आहेत; सराव त्यांना कमी नव्हता.

अमेरिकेतील 'नायॉश' ही संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर तीन डेसिबलमागे ती निम्मी करते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. त्या पातळीवर दोन तास तालीम केली तर मर्यादेच्या आठपट मारा होतो. १५ डेसिबल अडवणारा प्लग नीट बसला असेल, तर तीच तालीम मर्यादेत येते. कापसाच्या बोळ्याने जेमतेम काही डेसिबल अडतात, तेव्हा त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

सुराबद्दलचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे, हे मान्य करावे लागते. फोमचे प्लग उंच स्वर अधिक दाबतात आणि झांजा बोथट वाटतात. पण वादकांसाठीच्या प्लगमधली गाळणी सर्व स्वर जवळपास सारखेच खाली आणते. गायकाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, ही अडचणही खरी आहे. कानाचा साचा घेऊन बनवलेला, खोलवर बसणारा प्लग ती बरीच कमी करतो.

श्रोत्यांसाठी साधा फोमही पुरेसा उपयोगी आहे. ॲमस्टरडॅमच्या एका खुल्या संगीत महोत्सवात २०१५ साली ५१ स्वयंसेवकांवर प्रयोग झाला. सरासरी १०० डेसिबलमध्ये साडेचार तास काढल्यावर प्लग न घातलेल्यांच्या ४२ टक्के कानांची संवेदना तात्पुरती घटली. प्लगवाल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते.

फोमचा प्लग बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून तो आत सारावा आणि फुगेपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. मग आवाज चालू असताना दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून पाहावेत. आवाज लक्षात येण्याइतका उतरला, तर प्लग नीट बसलेला नाही. तो काढून पुन्हा घालावा.